पायलटमधल्या आकड्यावर मुख्य चाचणीचा नमुना आकार कसा ठरवावा

सांगली, मिरज, कराड या पट्ट्यातल्या वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांत दरवर्षी कितीतरी प्रबंधांचे प्रोटोकॉल तयार होतात. त्यांतल्या अनेकांत असं एक वाक्य असतं: 'पायलट अभ्यासात प्रमाण विचलन २० आले, त्यानुसार प्रत्येक गटात ६४ रुग्ण लागतील.' या वाक्यातलं गणित बरोबर आहे. अडचण आहे ती २० या आकड्यात. तो चोवीस रुग्णांवरून काढलेला अंदाज असतो, आणि सूत्रात मात्र तो पक्की ठाऊक असलेली गोष्ट म्हणून जातो. दुसरे चोवीस रुग्ण आले असते तर १६ आला असता किंवा २५ही आला असता. नमुना आकार विचलनाच्या वर्गावर चालतो, त्यामुळे विचलनातली थोडी चूक रुग्णसंख्येत मोठी होऊन बाहेर पडते.

ही अनिश्चितता मान्य करून नमुना आकार कसा काढायचा, ते एका उदाहरणातून सविस्तर पाहू. आकडे हिशोबासाठी घेतलेले आहेत, पण प्रसंग इथल्या कुठल्याही ओपीडीत शोभेल असा आहे.

उदाहरण

मिरजेतल्या एका फिजिओथेरपी ओपीडीत गुडघ्याच्या संधिवाताचे रुग्ण येतात. तासगाव, कवठे महांकाळ, जत इथून येणाऱ्या बायकांचं प्रमाण मोठं. प्रश्न असा आहे की, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा आठवडे व्यायाम करून घेतला, तर नुसतं व्यायामाचं पत्रक हातात देण्यापेक्षा वेदना जास्त कमी होते का? मोजमाप म्हणजे वेदनेची १०० मिलिमीटरची रेघ. डावं टोक 'अजिबात दुखत नाही', उजवं टोक 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. सहा आठवड्यांनी रुग्ण रेघेवर जिथे खूण करतो, ते अंतर आपण मोजतो.

पायलटमध्ये २८ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. सहा आठवड्यांनी २४ जणांचं मोजमाप मिळालं, प्रत्येक गटात १२. पत्रकाच्या गटाचं प्रमाण विचलन २१.७, देखरेखीच्या गटाचं १८.१. दोन्ही गटांच्या सरासरीत १४ मिलिमीटरचा फरक दिसला, देखरेखीच्या बाजूने.

आता मुख्य चाचणी आखायची आहे.

पहिली पायरी: १४ हा फरक बाजूला ठेवा

सगळ्यात मोठा मोह या १४चाच असतो. पायलटमध्ये एवढा परिणाम दिसला, मग मुख्य चाचणी तेवढ्याच परिणामासाठी आखू, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण प्रत्येक गटात बाराच रुग्ण असताना या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ८.२ येते. म्हणजे ९५ टक्के विश्वास अंतर साधारण उणे ३ ते अधिक ३१. खरा फरक शून्यही असू शकतो आणि ३०ही. असा आकडा नियोजनाला आधार देऊ शकत नाही.

इथे आणखी एक गोष्ट आड येते. ज्या पायलटमध्ये फरक मोठा दिसतो, तेच पुढे मुख्य चाचणीपर्यंत पोचतात. ज्यात काहीच दिसलं नाही, ते बहुतेक वेळा तिथेच थांबतात. त्यामुळे पुढे आलेल्या पायलटमधले फरक एकंदरीने खऱ्यापेक्षा फुगलेले असतात. १४ धरून नमुना काढला तर प्रत्येक गटात ३३ रुग्ण पुरतील असं उत्तर येतं. खरा फरक १० असेल, तर या ३३ रुग्णांत तो पकडला जाण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, जेमतेम ५२ टक्के राहते. वर्षभर राबायचं आणि निकाल नाणेफेकीइतका, असा हा प्रकार.

मग फरक कुठून आणायचा? तो रुग्णाच्या आणि वैद्यकीय जाणकारीच्या बाजूने ठरवायचा. किती मिलिमीटर वेदना जास्त कमी झाली, तर आठवड्याला दोनदा तासगावहून मिरजेला येण्याचा त्रास आणि गाडीभाडं रुग्णाला परवडेल? याचं उत्तर विभागातल्या अनुभवी लोकांशी, रुग्णांशी बोलून आणि आधीच्या संशोधनात कमीत कमी किती फरक अर्थपूर्ण मानला आहे ते पाहून काढावं. आपल्या उदाहरणात तो १० मिलिमीटर धरू. हा आकडा पायलट सुरू करण्याआधी लिहून ठेवलेला असेल तर उत्तम. नंतर लिहिला तर पायलटच्या निकालाकडे पाहूनच तो बसवला, अशी शंका राहते आणि ती दूर करता येत नाही.

दुसरी पायरी: योग्य विचलन काढा

पायलटकडून घ्यायची गोष्ट म्हणजे रुग्णा-रुग्णांमधली तफावत. इथे एक चूक वारंवार होते. एक्सेलमध्ये चोवीसच्या चोवीस आकडे निवडले जातात आणि एकच `STDEV.S` काढलं जातं. त्यात दोन गटांमधला फरकही मिसळतो. आपल्याला हवं ते गटाच्या आतलं विचलन. दोन्ही गटांच्या विचलनांचे वर्ग त्यांच्या डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या वजनाने एकत्र करायचे. दोन्ही गट सारखे असल्याने इथे वर्गांची साधी सरासरी पुरते: २१.७चा वर्ग ४७०.९, १८.१चा ३२७.६, सरासरी ३९९ आणि काही, वर्गमूळ २०.

म्हणजे एकत्रित विचलन २० आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम २२: चोवीस रुग्ण, वजा दोन गटांच्या दोन सरासऱ्या. हा २२ लिहून ठेवा. २० हा अंदाज किती कच्चा आहे, हे तोच सांगणार आहे. प्रोटोकॉलमध्ये विचलन असतं पण २२ नसतो, तेव्हा वाचणाऱ्याला त्या अंदाजाची ताकद कळायला मार्गच उरत नाही.

तिसरी पायरी: २०भोवतीचं अंतर काढा

आकडे साधारण सामान्य वितरणाचे असतील, तर विचलनाच्या वर्गाचं विश्वास अंतर काय-वर्ग वितरणावरून काढता येतं. २२ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ९५ टक्के अंतर असं येतं: खरं विचलन १५.५ ते २८.३ यांच्या दरम्यान.

आता हीच दोन टोकं नमुना आकाराच्या सूत्रात घालून पाहा. पॉवर ८० टक्के, दुतर्फा ५ टक्के पातळी, फरक १०. विचलन १५.५ असेल तर प्रत्येक गटात ३९ रुग्ण पुरतात. २० असेल तर ६४. २८.३ असेल तर १२७. एकाच पायलटच्या चोवीस रुग्णांशी ३९ही जुळतं आणि १२७ही. माझ्या मते प्रत्येक संशोधकाने हे तीन आकडे एका ओळीत लिहून गाईडसमोर ठेवावेत, कारण ६४ एकटा दिसला की तो फार ठाम वाटतो.

हे अंतर दोन्ही बाजूंना सारखं नाही, हेही पाहा. खाली साडेचार, वर सव्वाआठ. शिवाय छोट्या नमुन्यातलं विचलन खऱ्याहून कमी येण्याची शक्यता जरा जास्त असते; २२ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ती सुमारे ५४ टक्के आहे. म्हणजे पायलटचं विचलन जसंच्या तसं घेणारे निम्म्याहून अधिक लोक आपल्याला हव्या त्याहून कमी पॉवरची चाचणी आखतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

चौथी पायरी: वरच्या बाजूचं टोक घ्या, पण किती वरचं?

९५ टक्के अंतराचं वरचं टोक, २८.३, घेतलं तर आपण बहुतेक सगळ्या शक्यतांना पुरून उरतो, पण २५४ रुग्ण लागतात. ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं असतं. शिवाय गरजेपेक्षा जास्त रुग्णांना चाचणीत ओढणंही योग्य नाही. ब्राउन यांनी १९९५ साली मधला मार्ग सुचवला: विचलनाची एकतर्फी ८० टक्के वरची मर्यादा घ्यायची. पुन्हा पुन्हा पायलट केले, तर खरं विचलन ८० टक्के वेळा या मर्यादेच्या आत राहील. म्हणून आखलेली चाचणीही ८० टक्के वेळा ठरवलेली पॉवर गाठेल किंवा ओलांडेल.

एक्सेलमध्ये सूत्र असं:

```
=20*SQRT(22/CHISQ.INV(0.2,22))
```

उत्तर २३.२. `CHISQ.INV`मध्ये ०.२ लिहायचं, ०.८ नाही, कारण हे फंक्शन डावीकडचं क्षेत्रफळ धरतं. ०.८ घातलं तर मर्यादा २०च्या खाली येईल, आणि तीच चूक ओळखायची सोपी खूण: वरची मर्यादा मूळ विचलनापेक्षा लहान आली, तर बाजू उलटी झाली आहे.

आर वापरत असाल तर संपूर्ण हिशोब इतकाच आहे:

```r
s <- 20; nu <- 22; d <- 10
sU <- s * sqrt(nu / qchisq(0.20, nu))
power.t.test(delta = d, sd = sU, power = 0.80)
power.t.test(n = 86, delta = d, sd = 25)
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर ८५.६ येतं, म्हणजे प्रत्येक गटात ८६, एकूण १७२. सरळ हिशोबाचे १२८ होते. हे चव्वेचाळीस जादा रुग्ण म्हणजे पायलट लहान होता याची किंमत.

चौथी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. खरं विचलन काहीही निघालं तर आपल्या चाचणीचं काय होईल, ते ती सांगते. वेगवेगळी विचलनं घालून पाहिलं की असं चित्र दिसतं:

| खरं विचलन | गटात ६४ असताना पॉवर | गटात ८६ असताना पॉवर |
|---|---|---|
| १८ | ८८ टक्के | ९५ टक्के |
| २० | ८० टक्के | ९० टक्के |
| २३ | ६८ टक्के | ८१ टक्के |
| २५ | ६१ टक्के | ७४ टक्के |
| २८ | ५२ टक्के | ६४ टक्के |

८६ घेऊनही २८च्या ओळीत आपण ६४ टक्क्यांवर आहोत. म्हणजे ८० टक्के मर्यादा घेतली म्हणून अनिश्चितता संपली नाही, ती सोसण्याजोगी झाली. एथिक्स कमिटीपुढे हा तक्ता ठेवला की चर्चा एका आकड्याभोवती न फिरता कोणता धोका आपण पत्करतो आहोत, याकडे वळते.

दुसरी एक पद्धत जूलियस आणि ओवेन यांच्या कामातून आली. त्यात विचलनाच्या सगळ्या शक्य किमतींवर पॉवरची सरासरी काढतात आणि ती सरासरी ८० टक्के व्हावी असा नमुना घेतात. आपल्या उदाहरणात त्या पद्धतीने प्रत्येक गटात सुमारे ६९ येतात, म्हणजे ६४हून थोडेच जास्त. या पद्धतीत चूक काही नाही, पण तिचं आश्वासन वेगळं आहे. सरासरी ८० टक्के म्हणजे काही वेळा ९३ आणि काही वेळा ५५ असंही असू शकतं. एखादी मोठी संस्था डझनभर चाचण्या चालवत असेल, तर तिला सरासरी पुरते. ज्या विद्यार्थिनीची आयुष्यात एकच चाचणी होणार आहे, तिला मी ब्राउन यांची वाट धरायला सांगेन.

पाचवी पायरी: गणिताला न दिसणारी अनिश्चितता

काय-वर्गाचं अंतर एक गोष्ट गृहीत धरतं: पायलटचे रुग्ण आणि मुख्य चाचणीचे रुग्ण एकाच समूहातून आले आहेत. प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं. पायलट एका ओपीडीत होतो, एकच फिजिओथेरपिस्ट सगळी मोजमापं घेतो, आणि रुग्णही बहुतेक जवळपासचे असतात. मुख्य चाचणीत जत आणि आटपाडीच्या केंद्रांवरही रुग्ण घेतले, तर वय, काम, दुखण्याची तीव्रता या सगळ्यांतली विविधता वाढते आणि विचलन वाढतं. हे २३.२मध्ये धरलेलं नाही.

म्हणून पायलटचं विचलन एकटं वापरू नका. त्याच मोजपट्टीवर झालेल्या आधीच्या चार-पाच चाचण्यांतली विचलनं शोधा आणि शेजारी लिहा. गुडघेदुखीच्या चाचण्यांत १०० मिलिमीटरच्या रेघेवर २० ते २५ दरम्यानचं विचलन सर्रास दिसतं. आपली मर्यादा २३.२ त्या पट्ट्यात बसते, म्हणजे ठीक आहे. पायलटमध्ये विचलन ११ आलं असतं, तर आनंदून नमुना कमी करण्याऐवजी कारण शोधायला हवं होतं. सगळे रुग्ण फार सारखे निवडले गेले का? मोजणाऱ्याने रुग्णाला खूण करायला 'मदत' केली का? बरेचसे रुग्ण रेघेच्या एकाच टोकाला गोळा झाले का?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. काय-वर्गाचं अंतर सामान्य वितरणावर उभं आहे, आणि टोकाकडे कललेल्या आकड्यांत ते अंतर प्रत्यक्षापेक्षा अरुंद निघू शकतं. वेदना कमी झाल्यावर पुष्कळ खुणा शून्याजवळ दाटतात आणि काही जणींच्या खुणा साठ-सत्तरवरच राहतात, तेव्हा नेमकं असं होतं. चोवीस ठिपक्यांचा साधा आलेख हाताने काढून पाहा. ठिपके एका टोकाला दाटलेले आणि शेपूट दुसरीकडे लांब असेल, तर ८० ऐवजी ९० टक्के मर्यादा घेण्याचा विचार करा आणि तसं का केलं ते प्रोटोकॉलमध्ये लिहा.

आणखी एक वाट लोकांना भुलवते. सुरुवातीची वेदना आणि सहा आठवड्यांनंतरची वेदना यांचा संबंध असतो, तेव्हा सुरुवातीच्या मोजमापासाठी विश्लेषणात समायोजन केलं की रुग्ण कमी लागतात. सहसंबंध ०.५ असेल तर नमुना एक चतुर्थांशाने घटतो. पण चोवीस रुग्णांतून आलेल्या ०.५चं ९५ टक्के अंतर ०.१२ ते ०.७५ आहे. ०.१२ खरा असेल तर बचत दीड टक्काही नाही. म्हणून माझा सल्ला असा: विश्लेषणात समायोजन जरूर करा, नमुना काढताना त्याची बचत मोजू नका. जे मिळेल ते आपल्या चाचणीला जादा बळ देईल.

सहावी पायरी: गळती

पायलटमध्ये २८पैकी ४ जण सहा आठवड्यांनी आले नाहीत, म्हणजे १४ टक्के. या आकड्याचंही अंतर काढलं तर ४ ते ३३ टक्के येतं, इतकं रुंद की नुसत्या १४वर विसंबता येत नाही.

पण इथे गणितापेक्षा तालुक्याची माहिती जास्त उपयोगी पडते. समजा पायलट जून ते ऑगस्टमध्ये झाला. तासगाव भागात द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. छाटणीच्या दिवसांत मजुरी चांगली मिळते, काम रोज असतं, आणि त्या आठवड्यात कुणी बाई मिरजेला मोजमापासाठी येईल ही अपेक्षा धरणं चूक आहे. पायलट या दोन्ही दिवसांना टाळून झाला, मुख्य चाचणी मात्र वर्षभर चालणार. तेव्हा गळती १४हून जास्त धरायलाच हवी. छाटणीच्या कामाने गुडघ्याची वेदनाही बदलते, त्यामुळे विचलनही वाढू शकतं, हा त्यातला दुसरा धोका.

एकतर्फी ८० टक्के मर्यादा घेतली तर गळती सुमारे २३ टक्के येते. पण प्रत्येक गोष्टीत वरची मर्यादा घेत गेलं की सावधगिरीवर सावधगिरी चढते आणि नमुना विनाकारण फुगतो. विचलनात आपण आधीच राखीव ठेवली आहे, म्हणून गळती मी २० टक्के धरेन आणि उरलेली काळजी कामातून घेईन: छाटणीच्या आठवड्यांत मोजणारी व्यक्तीच गावात जाईल, अशी तरतूद अंदाजपत्रकात करायची. १७२ भागिले ०.८ म्हणजे २१५, सम संख्या करून २१६. प्रत्येक गटात १०८ रुग्ण नोंदवायचे. इथे भागायचं असतं, २० टक्के मिळवायचे नसतात. १७२मध्ये २० टक्के मिळवून २०७ काढणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. २०७मधून २० टक्के गळाले की १६६च उरतात.

सातवी पायरी: पायलट किती मोठा असावा

एवढं झाल्यावर साहजिक विचार येतो की पायलटच मोठा केला असता तर? हिशोब करून पाहू. विचलन २०च आलं असं धरलं आणि ८० टक्के मर्यादा वापरली, तर २४ रुग्णांच्या पायलटनंतर मुख्य चाचणीला १७२ लागतात, दोन्ही मिळून १९६. ३० रुग्णांच्या पायलटनंतर १६६, मिळून पुन्हा १९६. ४० नंतर १६०, मिळून २००. ६० नंतर १५२, मिळून २१२. म्हणजे पायलट मोठा केला की मुख्य चाचणी लहान होते, पण एका हद्दीनंतर एकूण बेरीज वाढू लागते. जूलियस यांनी २००५ साली प्रत्येक गटात १२ असा ठोकताळा दिला होता. व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पायलट आणि मुख्य चाचणी मिळून किती रुग्ण लागतात, याच अंगाने विचार करून दाखवलं की अपेक्षित परिणाम जितका लहान, तितका पायलट मोठा ठेवणं हिताचं. आपण जो परिणाम शोधतो आहोत, म्हणजे विचलनाच्या अर्ध्याएवढा फरक, त्यासाठी २४ ते ३० मला वाजवी वाटतात. गळतीचा किंवा रुग्ण मिळण्याच्या वेगाचा अंदाज हाच पायलटचा मुख्य हेतू असेल, तर मात्र एवढे पुरणार नाहीत, कारण टक्केवारीचं अंतर फार हळू आकसतं.

आठवी पायरी: चाचणीच्या मध्यावर पुन्हा मोजा

२१६ रुग्ण घेतले, तरी खरं विचलन २३.२हून मोठं निघू शकतं. म्हणून मुख्य चाचणीचाच पहिला भाग अंतर्गत पायलट म्हणून वापरा. काही ठरावीक रुग्णांचं मोजमाप पूर्ण झालं की कोण कोणत्या गटात आहे हे न पाहता, सगळ्यांचं मिळून एकच विचलन काढायचं आणि त्यावरून नमुना पुन्हा ठरवायचा. दुसऱ्या पायरीत जे करू नका म्हटलं, तेच इथे मुद्दाम करायचं, कारण गट उघडले की निकाल दिसतो आणि निष्पक्षता जाते. गटांमधला फरक मिसळल्याने विचलन किंचित फुगतं: खरं विचलन २० आणि फरक १० असेल तर एकत्रित वर्ग ४०० अधिक २५, म्हणजे विचलन २०.६. एवढी चूक चालते, आणि ती सुरक्षित बाजूला आहे.

दोन्ही गट मिळून ८६ जणांचं मोजमाप झाल्यावर विचलनाचा ९५ टक्के पट्टा अंदाजाच्या सुमारे १३ टक्के खाली ते १८ टक्के वर एवढाच उरतो. पायलटच्या वेळी तो २३ टक्के खाली ते ४२ टक्के वर असा होता. शिवाय हे रुग्ण खरोखरच मुख्य चाचणीचे आहेत, सगळ्या तालुक्यांतले आहेत, छाटणीच्या दिवसांतलेही आहेत. पाचव्या पायरीतली काळजी इथे बऱ्याच अंशी मिटते.

याला काही अटी आहेत. पुनर्मोजणी केव्हा, कुणी आणि कोणत्या सूत्राने करायची, हे पहिला रुग्ण घेण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असावं. ती करणारी व्यक्ती मोजमाप घेणाऱ्यांपैकी नसावी. नमुना फक्त वाढवायचा, विचलन कमी दिसलं म्हणून घटवायचा नाही. आणि वरची हद्द आधीच ठरवायची, उदाहरणार्थ एकूण २६०, म्हणजे निधी आणि मुदत किती लागेल ते आधी कळेल. एक उपचार दुसऱ्यापेक्षा चांगला आहे का, अशा आपल्यासारख्या चाचणीत गट न उघडता केलेली पुनर्मोजणी चुकीच्या सकारात्मक निकालाचा धोका जवळजवळ वाढवत नाही. एक उपचार दुसऱ्याहून वाईट नाही एवढंच दाखवायचं असेल, तर मात्र संख्याशास्त्रज्ञाला आधी विचारा.

आधीच्या बाहेरच्या पायलटचे चोवीस रुग्ण मुख्य चाचणीच्या विश्लेषणात मिळवायचे नाहीत. पुढे जायचं की नाही हे त्यांच्याच आकड्यांवरून ठरलं, त्यामुळे ते मिळवले की फरक फुगतो.

प्रोटोकॉलमध्ये काय लिहावं

नमुना आकाराचा परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

'वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण असा कमीत कमी फरक १० मि.मी. धरला आहे, तो पायलटच्या निकालावरून घेतलेला नाही. पायलटमध्ये (प्रत्येक गटात १२) गटांतर्गत एकत्रित प्रमाण विचलन २० आले (डिग्रीज ऑफ फ्रीडम २२, ९५ टक्के विश्वास अंतर १५.५ ते २८.३). ही अनिश्चितता लक्षात घेऊन एकतर्फी ८० टक्के वरची मर्यादा २३.२ वापरली. दुतर्फा ५ टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात ८६ पूर्ण मोजमापे लागतात. पायलटमध्ये गळती १४ टक्के होती (९५ टक्के विश्वास अंतर ४ ते ३३). शेतीच्या हंगामाचा विचार करून २० टक्के धरली, म्हणून एकूण २१६ रुग्ण नोंदवले जातील. विचलन १८ ते २८ दरम्यान असल्यास अपेक्षित पॉवर सोबतच्या तक्त्यात दिली आहे. दोन्ही गट मिळून ८६ मोजमापे पूर्ण झाल्यावर गट न उघडता विचलन पुन्हा काढले जाईल. एकूण संख्या २६०च्या वर जाणार नाही.'

पायलटचा अहवाल लिहिताना याच विषयासाठी २०१६ साली आलेली, कन्सॉर्ट या अहवाल-लेखनाच्या मार्गदर्शक सूचनांची पुरवणी समोर ठेवा. तीत पायलटमध्ये उपचार परिणामकारक आहे की नाही याची औपचारिक परीक्षा करण्यावर भर दिलेला नाही. अंदाज आणि त्यांची अनिश्चितता द्या, असा तिचा कल आहे. पायलटच्या अहवालात १४ मिलिमीटरच्या शेजारी उणे ३ ते अधिक ३१ हे अंतर छापा आणि 'परिणाम सिद्ध झाला' असं लिहू नका.

नोंदणीचंही आधीच बघा. सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत चाचण्यांची नोंदणी १५ जून २००९पासून बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०१८पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. तिथल्या फॉर्ममध्ये नमुना आकाराची संख्या भरायची असते. तिथे २१६ लिहा, आणि मध्यावरच्या पुनर्मोजणीनंतर संख्या वाढली तर नोंद त्याच आठवड्यात बदला, एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या तारखेसह.